शंभरातले अठरा नव्हेत

विजेच्या दुकानात स्विचवर किंमत १०० रुपये, करासहित. जीएसटी १८ टक्के. बिल करणारा मुलगा शंभराचे १८ काढतो आणि मूळ किंमत ८२ लिहितो. उलट तपासा: ८२वर १८ टक्के म्हणजे १४.७६, बेरीज ९६.७६. शंभर होतच नाहीत.

कर मूळ किमतीवर लागतो, एकूण रकमेवर नाही. मूळ १०० असेल तर एकूण ११८ होते. म्हणून एकूण रकमेला ११८ने भागून १००ने गुणायचं. इथे मूळ किंमत ८४.७५, कर १५.२५. चुकीच्या हिशेबात दुकानदार दर स्विचमागे पावणेतीन रुपये जास्तीचा कर स्वतःच्या खिशातून भरतो, हे मला फार खटकतं.

सूत्र बरोबर असूनही एक पैसा छळतो. हा कर केंद्र आणि राज्य यांच्यात निम्मा-निम्मा, ९-९ टक्के. ८४.७५चे ९ टक्के ७.६२७५, म्हणजे ७.६३. दोन्ही मिळवून बिल १००.०१! म्हणून मूळ किंमत आणि कर तसेच ठेवून वरचा पैसा ‘राउंड ऑफ’च्या ओळीत वजा दाखवावा. तो करातून कापला, तर दोन निम्मे सारखे राहत नाहीत.