एसी बंद पडला? फरक मागा

एसी डब्यात वातानुकूलन बंद पडले, तर रेल्वे पूर्ण भाडे परत करत नाही. ज्या टप्प्यात ते बंद होते, तेवढ्यापुरताच फरक मिळतो. थर्ड किंवा सेकंड एसीसाठी हा फरक स्लीपरच्या भाड्याशी मोजतात. समजा, मुंबई-नागपूर प्रवासात भुसावळपासून पुढे एसी बंद राहिला. त्या टप्प्याचे थर्ड एसीचे भाडे 700 रुपये आणि स्लीपरचे 250 रुपये धरले, तर मागणी 450 रुपयांची.

खरी मेख प्रमाणपत्रात आहे. एसी कुठून कुठपर्यंत बंद होता, हे टीटीईकडून गाडीतच लिहून घ्यावे. उतरल्यावर तो सापडणे कठीण. 139 वर तक्रार जरूर नोंदवा, पण तो परताव्याचा अर्ज नव्हे. ई-तिकीट असेल तर गाडी प्रत्यक्ष पोहोचल्यापासून 20 तासांच्या आत टीडीआर भरावा आणि मूळ प्रमाणपत्र आयआरसीटीसीला टपालाने पाठवावे.

सोबतच्या पत्रात उकाड्याचे वर्णन नको, एवढे पुरे:

‘पीएनआर …, गाडी क्र. …, दिनांक …, डबा बी-2, आसन 34. भुसावळ ते नागपूर वातानुकूलन बंद होते. टीटीईचे मूळ प्रमाणपत्र जोडले आहे, टीडीआर भरला आहे. या टप्प्याचा थर्ड एसी व स्लीपर भाड्यातील फरक परत मिळावा.’

पाठवण्यापूर्वी प्रमाणपत्राची छायाप्रत काढा आणि पाठवल्यावर टपालाची पावतीही स्वतःकडे ठेवा.