पहिले गुंतवणूक विवरणपत्र वाचताना

मुकुंदवाडीपासून एका बाजूला चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत जवळ, तर दुसऱ्या टोकाला वाळूज. तिथल्या कारखान्यांशी संबंधित अनेक घरांत आता डिमॅट खाते असते. खात्यात खरेदी-विक्री झाली की दरमहा आणि न झाल्यास सहामाही एकत्रित विवरणपत्र येते. त्यात कंपनीचे नाव, समभागांची संख्या, दर्शनी मूल्य, बाजारभाव आणि एकूण मूल्य असते. कंपनीकडे काय आहे आणि तिला कोणाचे किती देणे आहे, ही माहिती मात्र तिथे नसते. ती कंपनीच्या वार्षिक अहवालातील ताळेबंदात मिळते. विवरणपत्रातील आकड्याचा अर्थ त्यामुळे ताळेबंद शेजारी ठेवल्याशिवाय पूर्णपणे लागत नाही.

मालमत्ता

कंपनीच्या ताब्यातील ज्या गोष्टीपासून पुढे पैसा येण्याची अपेक्षा असते, ती तिची मालमत्ता. जमीन, यंत्रे, गोदामातील माल, बँकेतील शिल्लक हे सहज ध्यानात येते. उधारीवर विकलेल्या मालाची येणी आणि विकत घेतलेले पेटंट हीदेखील मालमत्ताच. ताळेबंदात यंत्राची किंमत सहसा खरेदीची किंमत वजा घसारा अशी लिहिलेली असते. उद्या ते विकायला काढले तर तेवढेच पैसे येतील, असा त्याचा अर्थ नव्हे. बुडीत निघालेल्या ग्राहकाकडची येणीही तोट्यात टाकेपर्यंत कागदावर मालमत्ताच राहते. हीच या आकड्याची मोठी मर्यादा आहे.

दायित्व

दायित्व म्हणजे देणे: बँकेचे कर्ज, पुरवठादारांची थकलेली बिले, कामगारांची ग्रॅच्युइटी, भरायचा कर. एकच रक्कम एका बाजूने मालमत्ता आणि दुसऱ्या बाजूने दायित्व असते. बँकेतील मुदत ठेव ही ठेवीदाराची मालमत्ता आणि बँकेचे दायित्व. गृहकर्जात याच्या नेमके उलट. काही देणी ताळेबंदाच्या मुख्य तक्त्यात येतच नाहीत. न्यायालयात अडकलेली करमागणी किंवा दुसऱ्या कंपनीच्या कर्जासाठी दिलेली हमी ‘संभाव्य दायित्वे’ म्हणून टिपांमध्ये नोंदलेली असते. अडचणीतल्या कंपनीचा पहिला सुगावा पुष्कळदा याच टिपांमध्ये लागतो.

इक्विटी

मालमत्तेतून सर्व देणी वजा केल्यावर उरते ती इक्विटी, म्हणजे भागधारकांचा हिस्सा. मुकुंदवाडीत 30 लाखांचे घर घेतले आणि त्यावर 22 लाखांचे कर्ज असेल, तर मालकाची इक्विटी 8 लाख. घरांचे भाव दहा टक्क्यांनी उतरले, तर घर 27 लाखांचे होते. कर्ज मात्र 22 लाखच राहते. मालकाच्या हाती उरतात 5 लाख. घराची किंमत दहा टक्क्यांनी घटली आणि मालकाचा हिस्सा साडेसदतीस टक्क्यांनी. कर्ज जितके जास्त, तितका हा फरक मोठा होतो. कर्जबाजारी कंपन्यांचे समभाग छोट्या वाईट बातमीनेही का कोसळतात, याचे कारण या वजाबाकीत आहे.

विवरणपत्रातही ‘इक्विटी’ हा मथळा असतो, पण तिथला आकडा या वजाबाकीचा नसतो. तो समभागांची संख्या गुणिले त्या दिवसाचा बाजारभाव, एवढाच असतो. बाजारभावात पुढच्या अनेक वर्षांच्या नफ्याची अपेक्षा मिसळलेली असते. म्हणून चांगल्या चालणाऱ्या कंपनीचे बाजारमूल्य ताळेबंदातील इक्विटीच्या कित्येक पट असू शकते. याउलट, ताळेबंदातील इक्विटी शून्याखाली गेली तरी बाजारात काही काळ भाव मिळत राहतो.

शेवटचा क्रमांक: व्हिडिओकॉन

हे कसे घडते, याचे उदाहरण शहरालगतच आहे. पैठण रस्त्यावरील चितेगावच्या व्हिडिओकॉन इंडस्ट्रीज या कंपनीवर 2018 मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. समूहातील 13 कंपन्यांचे प्रकरण एकत्र चालले आणि सुमारे 64,800 कोटी रुपयांचे दावे मान्य झाले. जून 2021 मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने ट्विन स्टार टेक्नॉलॉजीज या कंपनीची योजना मंजूर केली. तिची रक्कम होती सुमारे 2,962 कोटी. म्हणजे शंभर रुपयांच्या देण्यामागे पाच रुपयेही नाहीत.

दिवाळखोरी कायद्यात वाटपाचा क्रम ठरलेला आहे. आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगारांची ठरावीक काळाची देणी आणि तारण असलेले कर्जदाते, त्यानंतर इतर देणेकरी. समभागधारक सर्वांत शेवटी. कर्जदात्यांचेच पैसे पुरे पडत नव्हते, तिथे शेवटच्याला काही उरणार नव्हते. योजनेत समभागधारकांना शून्य रक्कम होती, आणि शेअर बाजारातून समभागांची नोंदणी काढण्याची तरतूद होती. त्याआधी याच समभागांना बाजारात भाव होता आणि विवरणपत्रांत तो छापूनही येत होता. पुढे जानेवारी 2022 मध्ये अपील न्यायाधिकरणाने ही योजना रद्द करून प्रकरण पुन्हा कर्जदात्यांच्या समितीकडे पाठवले. वाटपाचा क्रम मात्र कायद्याचाच. तो या निकालाने बदलला नाही. स्वस्त भाव पाहून असे समभाग घेणे हा सौदा नसून सोडत आहे, असे स्पष्ट म्हणायला हवे.

लाभांश

नफ्यातील जो भाग कंपनी भागधारकांना रोख वाटते, तो लाभांश. तो व्याजासारखा बांधलेला नसतो. संचालक मंडळ शिफारस करते आणि अंतिम लाभांशाला वार्षिक सभा मान्यता देते. जाहीर झाल्यापासून 30 दिवसांत रक्कम बँक खात्यात जमा व्हावी लागते.

लाभांशाची टक्केवारी दर्शनी मूल्यावर मोजतात, बाजारभावावर नव्हे. नवख्याची फसगत इथेच होते. वाळूजला मोठा कारखाना असलेल्या बजाज ऑटोने 2024-25 साठी समभागामागे 210 रुपये लाभांश दिला. दर्शनी मूल्य 10 रुपये, म्हणून टक्केवारी निघाली 2,100. समभागाचा भाव तेव्हा आठ-नऊ हजारांच्या घरात होता. त्या दराने घेणाऱ्याला मिळालेला परतावा अडीच टक्क्यांच्या आसपास. ज्याच्याकडे 10 समभाग होते, त्याच्या खात्यात 2,100 रुपये आले.

हा पैसा कंपनीच्या तिजोरीतून जातो. बँकेतील शिल्लक ही मालमत्ता घटते आणि तेवढीच इक्विटीही घटते. म्हणून लाभांशाचा हक्क संपतो त्या दिवशी भाव साधारण तेवढ्या रकमेने खाली उघडतो. इतर घडामोडींमुळे तो फरक नेहमी नेमका दिसत नाही. केवळ लाभांश मिळवण्यासाठी आदल्या दिवशी समभाग घेण्यात त्यामुळे फारसे हशील नाही. म्युच्युअल फंडांतही हेच घडते, आणि 2021 पासून तिथल्या ‘डिव्हिडंड’ पर्यायाच्या नव्या नावात भांडवल काढून घेतल्याचा स्पष्ट उल्लेख आहे.

एप्रिल 2020 पासून लाभांश भागधारकाच्या उत्पन्नात धरून करपात्र होतो. 2025-26 पासून एका कंपनीकडून वर्षाला 10,000 रुपयांपेक्षा अधिक लाभांश मिळाल्यास साधारणपणे दहा टक्के कर आधीच कापला जातो. बँक खाते बदलले आणि डिमॅटमध्ये नोंद केली नाही, तर लाभांश पडून राहतो. सात वर्षे दावा न झाल्यास तो केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत जातो, आणि सलग सात वर्षे लाभांश न घेतलेले समभागही त्यापाठोपाठ जातात. दोन्ही परत मिळवता येतात. त्यासाठी IEPF-5 हा अर्ज भरावा लागतो.