स्कॅनर वाचतो बरोबर, टाइप होतं भलतंच

तालुक्याच्या गावातलं साड्यांचं दुकान घ्या. काउंटरवर कॉम्प्युटर, त्यात बिलिंगचं सॉफ्टवेअर, शेजारी यूएसबी वायरीचा बारकोड स्कॅनर. मालकांनी प्रत्येक साडीला स्वतःचं लेबल छापून लावलंय, त्यावर KP-2041 असा कोड. सकाळभर सगळं सुरळीत चालतं. दुपारी तीच साडी स्कॅनरसमोर धरली, लाल उजेड पडला, बीप वाजला आणि पडद्यावर KP च्या जागी ‘खझ’ उमटलं. खाली संदेश : असा माल सापडला नाही. मालक लेबल पुसतात, काच पुसतात, वायर काढून पुन्हा लावतात. दुसरं लेबल घेतलं तरी तेच. मग निष्कर्ष एकच निघतो, स्कॅनर गेला. असे कितीतरी धडधाकट स्कॅनर दुरुस्तीला जातात, आणि तिथल्या टेबलावर अर्थातच उत्तम चालतात.

खरं तर बीपनेच अर्धा उलगडा केलेला असतो. पाकिटांवर दिसणाऱ्या तेरा आकडी बारकोडातला शेवटचा आकडा आधीच्या बारा आकड्यांवरून हिशोब करून काढलेला असतो. उदाहरणार्थ 8901234567890. डावीकडून पहिला, तिसरा, पाचवा असे एकाआड एक सहा आकडे मिळवले की २८ होतात. उरलेल्या सहांची बेरीज ३४, तिची तिप्पट १०२. एकूण १३०. पुढचा पूर्ण दहा गाठायला काही कमी पडत नाही, म्हणून शेवटचा आकडा शून्य. स्कॅनर हा ताळा आत जमवतो आणि मगच बीप देतो. अक्षरं असलेल्या लेबलांसाठी बहुधा वापरला जाणारा कोड १२८ हा प्रकारही असाच एक ताळा पोटात बाळगतो. म्हणजे बीप वाजला तर पट्ट्यांचं वाचन जवळजवळ नक्कीच बरोबर झालेलं असतं. घोळ झालाच असेल तर तो बीपनंतर, स्कॅनरपासून पडद्यापर्यंतच्या वाटेवर.

ही वाट समजून घेतली की बाकीचं सोपं आहे. दुकानात येणारे बहुतेक स्कॅनर कॉम्प्युटरला आपली ओळख ‘मी कीबोर्ड आहे’ अशीच करून देतात. याला कीबोर्ड इम्युलेशन म्हणतात. जुन्या काळी कीबोर्डची वायर आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये स्कॅनरची वायर खुपसावी लागे, म्हणून त्याचं ‘कीबोर्ड वेज’ हे नावही अजून कानावर येतं. फायदा उघड आहे. वेगळं ड्रायव्हर नको, सॉफ्टवेअरला स्कॅनर आहे की माणूस हे कळायची गरज नाही. जिथे टाइप करता येतं तिथे स्कॅन करता येतं. स्कॅनर म्हणजे बोटं दिसत नाहीत असा एक अतिशय वेगवान टायपिस्ट.

पण कीबोर्ड कॉम्प्युटरला अक्षर पाठवतच नाही. तो पाठवतो कळेचा क्रमांक. यूएसबीच्या नियमांत प्रत्येक कळेला क्रमांक ठरलेला आहे. 8 च्या कळेला 25, 9 ला 26, 0 ला 27 आणि एंटरला 28 (हे हेक्साडेसिमल पद्धतीचे आकडे). आपल्याकडच्या कित्येक पाकिटांवरचे बारकोड 890 ने सुरू होतात, कारण तो जीएस१ इंडिया या संस्थेकडून मिळणाऱ्या क्रमांकांचा उपसर्ग आहे. तेव्हा स्कॅनर ‘आठशे नव्वद’ असं काही सांगत नाही. तो सांगतो, पंचविसावी दाबली, सव्विसावी दाबली, सत्ताविसावी दाबली. त्या कळेवर कोणतं अक्षर आहे हे ठरवतं विंडोज, आणि ते त्या क्षणी निवडलेल्या कीबोर्ड लेआउटवरून.

आता खझचं कोडं सुटतं. दुपारी कुणीतरी त्याच कॉम्प्युटरवरून गिऱ्हाइकाला व्हॉट्सअ‍ॅपवर मराठीत निरोप टाइप केला आणि भाषा परत इंग्रजीवर आणली नाही. स्कॅनरने मोठ्या K साठी इमानाने शिफ्ट आणि K ची कळ दाबली. इनस्क्रिप्ट लेआउटमध्ये तिथे ‘ख’ आहे. शिफ्टसह P वर ‘झ’ आहे. आकड्यांचं काय होईल हे लेआउटवर अवलंबून. काहींत देवनागरी आकडे उमटतात, काहींत इंग्रजीच राहतात. दुसऱ्या प्रकारात कंपनीच्या पाकिटांचे नुसते आकडी बारकोड बिनचूक येतात आणि फक्त स्वतःची लेबलं बिघडतात. मग दोष लेबल छापणाऱ्या प्रिंटरवर ढकलला जातो, तो बिचारा या भानगडीत कुठेच नसतो.

उपाय दोन सेकंदांचा आहे. पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात ENG दिसतंय का पाहायचं, नसेल तर विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबून ते आणायचं. डावीकडची ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबली गेली तरी भाषा बदलते, त्यामुळे ‘आम्ही काहीच केलं नाही’ हे दुकानदाराचं म्हणणं बऱ्याचदा प्रामाणिक असतं. रोज मराठी टाइप करावंच लागत असेल तर कीबोर्डच्या प्रगत सेटिंगमध्ये एक चौकोन आहे :

```
Let me use a different input method for each app window
```

त्यात खूण केली की प्रत्येक खिडकीची भाषा वेगळी राहते. बिलिंग इंग्रजीत, व्हॉट्सअ‍ॅप मराठीत. एका कॉम्प्युटरवर दोन्ही कामं करणाऱ्या दुकानाला माझ्या मते ही खूण नव्या स्कॅनरपेक्षा जास्त उपयोगी आहे.

याच घराण्यातले आणखी दोन त्रास थोडक्यात. कॅप्स लॉक चालू राहिला तर स्कॅनरचा शिफ्ट उलटा पडतो आणि KP-2041 चं kp-2041 होतं. आकडे तसेच राहतात. आणि कॉम्प्युटरवर ब्रिटिश इंग्रजी लेआउट असेल तर @ च्या जागी दुहेरी अवतरणचिन्ह येतं. साध्या बारकोडात हे कधी लक्षात येत नाही, पण यूपीआयचा क्यूआर कोड स्कॅन केला की पत्त्यातला @ हरवलेला दिसतो. विंडोजमध्ये अमेरिकन किंवा भारतीय इंग्रजी ठेवलं आणि स्कॅनरही मुळातल्या अमेरिकन मांडणीवर असला की हे मिटतं.

एंटरचा मामला वेगळा आहे. बारकोडच्या पट्ट्यांमध्ये एंटर नसतो. तो स्कॅनर स्वतःहून शेवटी जोडतो, आणि जोडायचा की नाही हे त्याच्या स्मरणात साठवलेलं असतं. नवा स्कॅनर तसा ठरवूनच आला नसेल, किंवा कुणी ‘एकदा रीसेट करून बघू’ म्हणत माहितीपुस्तिकेतला मूळ स्थितीचा बारकोड स्कॅन केला असेल, तर एंटर जातो. मग पहिला माल टाइप होतो पण ओळ पुढे सरकत नाही. दुसरा स्कॅन पहिल्याच्याच शेपटीला चिकटतो, सव्वीस आकड्यांचा एक लांबलचक क्रमांक तयार होतो आणि सॉफ्टवेअर हात वर करतं.

हे तपासायला बिलिंग बंद करून नोटपॅड उघडावं. एक्सेल नको, कारण तेरा आकड्यांचं ते 8.90123E+12 करून ठेवतं आणि सुरुवातीची शून्यंही खातं, त्यामुळे नसलेला दोष दिसू लागतो. नोटपॅडमध्ये तोच बारकोड तीनदा स्कॅन करायचा. तीन ओळी आल्या तर एंटर जातोय. तिन्ही क्रमांक एकाच ओळीत सलग आले तर जात नाही. प्रत्येक ओळीमागे एक रिकामी ओळ आली तर दोनदा जातोय, आणि हेही वाईटच. कारण टॅलीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये एंटर म्हणजे पुढचा रकाना. एक एंटर मालाचं नाव स्वीकारतो, दुसरा नग भरण्याची जागा रिकामीच ओलांडून जातो.

दुरुस्ती स्कॅनरच्याच भाषेत होते. सोबत आलेल्या पुस्तिकेत सेटिंगचे बारकोड छापलेले असतात. आधी सेटिंग सुरू करण्याचा, मग Add CR Suffix किंवा तशाच नावाचा, शेवटी जतन करून बाहेर पडण्याचा. काही स्कॅनरना एकच बारकोड पुरतो. CR म्हणजेच आपला एंटर. शेजारी CR LF असाही पर्याय असतो. तो ‘जास्त पूर्ण’ वाटतो म्हणून निवडला जातो, पण त्यातला LF काही स्कॅनर कंट्रोल आणि J अशा जोडीने पाठवतात. बिलिंग क्रोममध्ये चालत असेल तर ही जोडी डाउनलोडची यादी उघडते. प्रत्येक साडीमागे डाउनलोडचं पान उघडू लागलं की व्हायरस आल्याची आवई उठते. तिथे नुसता CR निवडला की व्हायरस पळतो.

एंटर सगळीकडे हवाच असंही नाही. ब्राउझरमधल्या एखाद्या फॉर्ममध्ये एकापाठोपाठ दहा सिरीयल नंबर भरायचे असतील तर पहिल्याच एंटरला अर्धा फॉर्म सादर होऊन जातो. तिथे शेवटी टॅब जोडणारं सेटिंग लागतं. विचारायचा प्रश्न एवढाच, की हाताने टाइप केलं असतं तर क्रमांकानंतर मी कोणती कळ दाबली असती?

उरला अक्षरं गळण्याचा त्रास. प्रत्येक वेळी पहिलाच किंवा शेवटचाच आकडा गायब असेल तर ते सेटिंग आहे. ताळ्याचा आकडा पाठवू नये, किंवा अमेरिकी बाराआकडी कोडापुढचं शून्य गाळावं, असं स्कॅनरला कुणीतरी सांगितलेलं असतं. पण कधी चौथा, कधी नववा असा कुठलाही आकडा गळत असेल तर स्कॅनरचा वेग सॉफ्टवेअरला झेपत नाही. प्रत्येक अक्षरागणिक खाली सुचवण्यांची यादी उघडणारी सॉफ्टवेअरं, किंवा दुसऱ्या शहरातल्या सर्व्हरवर रिमोटने चालणारी, यांत हे जास्त दिसतं. ताळ्यामुळे वाचन चुकत नाही, टायपिंग मात्र चुकू शकतं ते असं. पुस्तिकेत दोन अक्षरांमधला विलंब वाढवण्याचे बारकोड असतात. काही मिलिसेकंद वाढवून पुन्हा नोटपॅडमध्ये आणि मग सॉफ्टवेअरमध्ये पाहायचं, गळती थांबेपर्यंत.

बीप वाजतो आणि नोटपॅडमध्येही काहीच उमटत नाही, अशी वेळ आली तर डिव्हाइस मॅनेजर उघडावा. स्कॅनर Keyboards खाली न दिसता Ports (COM & LPT) खाली दिसत असेल, तर तो कीबोर्ड राहिलेलाच नाही, सिरीयल पोर्ट झालाय. पुस्तिकेतला USB Keyboard किंवा USB HID असा बारकोड त्याला परत आणतो. काही मोठी बिलिंग सॉफ्टवेअरं मात्र मुद्दाम याच सिरीयल मार्गाने स्कॅनर वाचतात. तिथे कळा नसल्याने लेआउटचा प्रश्न उरत नाही आणि कर्सर कुठेही असला तरी बारकोड योग्य जागी जातो. कीबोर्डच्या रूपातल्या स्कॅनरला ही शुद्ध नसते. कर्सर ‘नग’ या रकान्यात राहिला असताना स्कॅन केलं की तो तिथे 8901234567890 भरून मोकळा होतो, आणि बिल काही लाख कोटींच्याही कितीतरी पलीकडे जातं.

हे सारं करताना एक पथ्य पाळावं. एका कंपनीच्या पुस्तिकेतला सेटिंगचा बारकोड दुसऱ्या कंपनीच्या स्कॅनरला लागू पडेलच असं नाही. नेटवरून मिळालेलं पान पडद्यावर धरून स्कॅन करत सुटण्याआधी स्कॅनरच्या पोटावरचा मॉडेल क्रमांक पाहावा, आणि मूळ स्थितीत नेणारा बारकोड अगदी शेवटी वापरावा. त्याने बिघडलेलं सेटिंग जातं तसं चांगलं चाललेलंही जातं, आणि एंटर पुन्हा जोडून द्यावा लागतो.