गुरुग्राममधलं जातं

गुरुग्रामच्या काचेच्या इमारतींच्या गर्दीत अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचं संगीत-संग्रहालय आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी पुण्यातून उभ्या केलेल्या प्रकल्पातल्या जात्यावरच्या ओव्यांचं ध्वनिमुद्रण जतनासाठी तिथे पोचलं. प्रकल्पाने एक लाखावर ओव्या उतरवल्या. बर्नार्ड बेल यांनी त्यांतल्या काही गावोगाव ध्वनिमुद्रित केल्या. ते मुद्रण शंभर तासांहून अधिक आहे.

साने गुरुजींच्या ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्या छापील रूपात भेटतात. कागदावर ओवी मोजक्या ओळींची असते. गाताना बाई ओळीचा तुकडा परत घेते, मध्ये ‘बाई’ किंवा एखादं नाव घालते, श्वासाला थांबते. छापताना हे सगळं गळून जातं, आणि कामाच्या खुणा नेमक्या त्यातच असतात. पहाटे दोघी समोरासमोर बसून खुंटा ओढत. घास मोठा पडला की पीठ भरड येई, लहान घातला की काम लांबे. ओवी या वेळाशी जुळवून घेई. दळण उरलं असेल तर गाणारी एकाच विषयावर ओवीमागून ओवी जोडत राही.

मन मात्र ओवीत सरळ येत नाही. भावाच्या ओव्या घ्या. भाऊ येतोय, चोळी आणतोय, त्याची बैलगाडी अशी, त्याचा रुबाब तसा. पहिल्या वाचनात हे निव्वळ कौतुक वाटतं. गाणारी सासरी आहे आणि ऐकणारी शेजारीण किंवा जाऊ, हे लक्षात आलं की अर्थ पालटतो. भावाची वाट पाहणं म्हणजे इथे आपली विचारपूस करणारं कोणी नाही, असं सासूचं नाव न घेता सांगणं. सीतेच्या वनवासाच्या ओव्यांचंही तेच. दुःख सीतेच्या नावावर घातलं की ते घरात मोठ्याने म्हणता येतं. म्हणून ‘भाऊ’ दिसला की ‘बंधुप्रेम’ अशी चिठ्ठी लावणारी वर्गवारी मला अपुरी वाटते.

सगळंच आडून येतं असं नाही. बीड जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगरात १९९६ साली दलित बायांनी बाबासाहेबांच्या ओव्या गायल्या. तिथे आडपडदा नाही, अभिमान उघड आहे.

एक मर्यादा ध्यानात ठेवावी लागते. मुद्रण झालं तोवर बऱ्याच घरांत पीठ गिरणीतून येत होतं. बाया आठवणीतून गात होत्या आणि समोर टेपरेकॉर्डर होता. सासूसमोर न म्हटलेल्या ओव्या किती सुटल्या, हे कुठलंही संग्रहालय सांगू शकणार नाही.

‘पारी’ या संकेतस्थळावर २०१७पासून या ओव्या मजकुरासह ऐकायला मिळतात. आधी ऐका, मग वाचा. घरात आजी गात असेल, तर ओवीबरोबर तिचं माहेर, सासर आणि ती कुणासोबत दळायची, हेही टिपून ठेवा.