पेन्सिलीचा आकडा आणि शाईचा आकडा

१९५६ साली एड्सगर डाइक्स्ट्रा हा तरुण ॲम्स्टरडॅमच्या गणित केंद्रात काम करत होता. तिथे ‘आरमाक’ नावाचा नवा संगणक तयार झाला होता आणि तो लोकांना दाखवायचा होता. बघायला येणारे काही गणिती नसणार, त्यामुळे प्रश्न कुणालाही कळेल असा हवा. डाइक्स्ट्राने ठरवलं: रॉटरडॅम आणि ग्रोनिंगेन यांच्यातला सर्वांत जवळचा रस्ता कोणता? एके दिवशी वाग्दत्त वधूबरोबर खरेदी करून दमल्यावर दोघं एका कॅफेत कॉफी प्यायला बसली. तिथेच, कागद-पेन्सिल न घेता, वीसेक मिनिटांत त्याला उत्तराची रीत सुचली. प्रात्यक्षिकासाठी त्याने नेदरलँड्सची ६४ शहरं घेतली होती. आपण सातच घेऊ, आणि कागद-पेन्सिलही घेऊ.

शहर म्हणजे ठिपका, रस्ता म्हणजे रेघ, रेघेवर लिहिलेला आकडा म्हणजे अंतर. अशा चित्राला गणितात भारित आलेख म्हणतात. खालची अंतरं किलोमीटरमध्ये आहेत आणि हिशेब सोपा जावा म्हणून ढोबळ केलेली आहेत.

ग्रोनिंगेन–लेवार्डेन ६०
ग्रोनिंगेन–झ्वोल्ले १०५
लेवार्डेन–झ्वोल्ले ९५
लेवार्डेन–ॲम्स्टरडॅम १४०
झ्वोल्ले–आमर्सफोर्ट ७०
आमर्सफोर्ट–युट्रेक्ट २५
आमर्सफोर्ट–ॲम्स्टरडॅम ५०
ॲम्स्टरडॅम–युट्रेक्ट ४५
ॲम्स्टरडॅम–रॉटरडॅम ८०
युट्रेक्ट–रॉटरडॅम ६०

रस्ते दुहेरी आहेत, म्हणून कुठल्याही टोकाकडून मोजलं तरी उत्तर तेच. आपण ग्रोनिंगेनहून निघू.

पहिला मोह असा होतो: जिथे आहोत तिथून जे न पाहिलेलं शहर सर्वांत जवळ, तिकडे जायचं. ग्रोनिंगेनहून लेवार्डेन जवळ. तिथून झ्वोल्ले, मग आमर्सफोर्ट, मग युट्रेक्ट. युट्रेक्टहून रॉटरडॅम ६० वर आहे, पण ॲम्स्टरडॅम ४५ वरच, म्हणून तिकडे वळायचं आणि शेवटी रॉटरडॅम गाठायचं. बेरीज भरते ३७५. हा हावरेपणा फसतो, कारण तो फक्त पुढचं पाऊल बघतो. आतापर्यंत किती चाललो, हे त्याच्या खिजगणतीतच नाही.

डाइक्स्ट्राची रीतही हावरीच आहे. संगणकवाले तिला ग्रीडी अल्गोरिदमच म्हणतात. मात्र तिची हाव वेगळ्या आकड्याची आहे: निघालो त्या गावापासूनचं एकूण अंतर. प्रत्येक शहराशेजारी एक आकडा लिहायचा आणि तो कुठल्या शहराकडून आला तेही लिहायचं. सुरुवातीला आकडा पेन्सिलीने, म्हणजे कच्चा. दर फेरीला पेन्सिलीतल्या आकड्यांपैकी सर्वांत लहान आकडा शोधायचा आणि त्यावर शाई फिरवायची. मग त्या शहराचे शेजारी तपासायचे. इथून गेल्यास शेजाऱ्याचा आकडा कमी होत असेल, तर जुना खोडून नवा लिहायचा. शाईच्या आकड्याला पुन्हा हात लावायचा नाही. नियम एवढाच.

आता चालवून पाहू.

ग्रोनिंगेन ०, शाईत. शेजारी लेवार्डेन ६० आणि झ्वोल्ले १०५, दोन्ही पेन्सिलीत.

सर्वांत लहान ६०, म्हणून लेवार्डेन शाईत. तिथून झ्वोल्लेला गेलं तर ६० अधिक ९५, म्हणजे १५५. आधीचे १०५ बरे, तेच राहू द्यायचे. ॲम्स्टरडॅमला पहिल्यांदाच आकडा मिळतो: २००, लेवार्डेनकडून.

आता झ्वोल्ले १०५ शाईत. आमर्सफोर्टला १७५.

आमर्सफोर्ट १७५ शाईत. युट्रेक्टला २००. ॲम्स्टरडॅम इकडून २२५ होतं. आधीचे २०० कमी आहेत, बदल नाही.

पेन्सिलीत आता दोन २०० आहेत, ॲम्स्टरडॅम आणि युट्रेक्ट. बरोबरी झाली तर कुठलंही आधी घ्या, अंतर तेच निघतं. ॲम्स्टरडॅम घेऊ. शाईत २००. तिथून युट्रेक्ट २४५ होतं, ते सोडून द्यायचं. रॉटरडॅमला मात्र प्रथमच आकडा लागतो: २८०.

बहुतेक जण चुकतात ते इथे. मुक्कामाच्या गावावर आकडा पडला की उत्तर मिळालं असं वाटतं आणि पेन्सिल खाली ठेवली जाते. पण २८० अजून पेन्सिलीत आहे आणि त्याहून लहान असा युट्रेक्टचा २०० शिल्लक आहे.

युट्रेक्ट शाईत. रॉटरडॅम इकडून २६०. म्हणून २८० खोडायचे आणि २६० लिहायचे, युट्रेक्टकडून. आता पेन्सिलीत रॉटरडॅमच उरलं. त्यावर शाई फिरली की थांबायचं.

रस्ता काढायचा तो उलटा. रॉटरडॅमला युट्रेक्टकडून आलो, युट्रेक्टला आमर्सफोर्टकडून, आमर्सफोर्टला झ्वोल्लेकडून, झ्वोल्लेला ग्रोनिंगेनकडून. १०५, ७०, २५ आणि ६०, बेरीज २६०. ग्रोनिंगेननंतर सर्वांत आधी शाई लागलेलं लेवार्डेन या रस्त्यावर कुठेच नाही. शाईचा अर्थ ‘या शहरातून जावं’ असा नाही, ‘या शहराचं अंतर पक्कं झालं’ एवढाच आहे.

पण पक्कं कशावरून? झ्वोल्लेवर १०५ ची शाई फिरली तो क्षण घ्या. तेव्हा पेन्सिलीत दुसरं एकच शहर होतं, २०० चं ॲम्स्टरडॅम. झ्वोल्लेला आणखी जवळची वाट असतीच, तर ती ॲम्स्टरडॅमवरून घुसली असती, म्हणजे तिथेच २०० खर्ची पडले असते. पुढचे रस्ते त्यात भरच घालणार. १०५ च्या खाली ती वाट येणं शक्यच नाही. सर्वांत लहान आकड्यालाच शाई का लावायची, याचं कारण हे.

या कारणातच रीतीची मर्यादाही आहे. ‘पुढचे रस्ते भरच घालणार’ हे आपण गृहीत धरलं. किलोमीटर किंवा मिनिटं मोजत असाल तर ते खरंच आहे. पण आकडे खर्चाचे असले आणि ॲम्स्टरडॅमहून आमर्सफोर्टला जाताना कुणाचा माल नेऊन खर्च वजा जाता ५० सुटत असले, तर त्या दिशेचा आकडा होतो उणे ५०. मग आमर्सफोर्ट २०० वजा ५०, म्हणजे १५० त पडतं. आपण तर त्यावर १७५ ची शाई कधीच फिरवून बसलो आहोत. उणे आकडे असतील तिथे ही रीत वापरू नये. त्यासाठी बेलमन-फोर्ड नावाची वेगळी, जास्त कष्टाची रीत आहे.

हाताने केलेला हिशेब बरोबर आला का, हे दोन ठिकाणी पाहता येतं. शाई ज्या क्रमाने लागली ते आकडे वाचा: ०, ६०, १०५, १७५, २००, २००, २६०. मध्येच एखादा आकडा मागच्यापेक्षा लहान निघाला, तर त्याआधी कुठे तरी चुकीच्या शहरावर शाई फिरली किंवा बेरीज चुकली. मग एकेक रेघ घ्या. तिच्या दोन टोकांच्या आकड्यांतला फरक रेघेच्या अंतराहून जास्त असता कामा नये. आमर्सफोर्ट १७५, ॲम्स्टरडॅम २००, फरक २५, रेघ ५० ची, ठीक. युट्रेक्ट २००, रॉटरडॅम २६०, फरक ६०, रेघही ६० चीच, आणि ती आपल्या रस्त्यावरची आहे. कुणी २८० वरच थांबला असता, तर याच रेघेवर फरक ८० दिसला असता आणि त्याला पुन्हा पेन्सिल उचलावी लागली असती.