डायोडचा अर्धा व्होल्ट कोण भरतं?

प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणं हे डायोडचं काम, पण ते तो फुकट करत नाही. सिलिकॉनचा डायोड साधारण ०.५ ते ०.७ व्होल्ट स्वतःच्या अंगावर ठेवून घेतो आणि उरलेलं पुढे सोडतो. १२ व्होल्टच्या एलिमिनेटरमध्ये ही कपात कुणाच्या ध्यानातही येत नाही. पण कंप मोजणाऱ्या एखाद्या सेन्सरचा सिग्नल जेमतेम १०० मिलिव्होल्टचा, म्हणजे ०.१ व्होल्टचा असतो. तो किती जोरकस आहे हे सरासरीवरून काढायचं, तर लहरीचा खालचा अर्धा भाग आधी छाटावा लागतो, नाहीतर वरचं-खालचं कटून सरासरी शून्यच येते. आणि छाटायला साधा डायोड लावला, की पलीकडे जवळजवळ काहीच पोचत नाही.

हरवलेला अर्धा व्होल्ट मागाहून हिशेबात मिळवू म्हटलं, तर तेही जमत नाही. डायोडची कपात प्रवाहाप्रमाणे बदलते, शिवाय दर अंश सेल्सिअसला सुमारे २ मिलिव्होल्टने घटते. सकाळ-दुपारच्या तापमानात १० अंशांचा फरक पडला, की २० मिलिव्होल्टची चूक झालीच. १०० मिलिव्होल्टच्या सिग्नलात ती कशी खपायची?

मग हा डायोड ऑप-अॅम्पच्या हाताखाली द्यायचा. १९६८ साली फेअरचाइल्डने आणलेला ७४१ घेऊ. कॉलेजच्या प्रयोगशाळेत आजही तोच हाताला लागतो. सिग्नल पिन ३ ला जोडायचा. पिन ६ म्हणजे आउटपुट, तिथून डायोड पुढे काढायचा आणि त्याच्या पलीकडच्या टोकाला १ किलोओहमचा रेझिस्टर लावून तो ग्राउंडला न्यायचा. आपल्याला हवं ते आउटपुट या रेझिस्टरवर मिळतं. त्याच टोकापासून एक वायर मागे पिन २ ला आणायची. सगळी गंमत या वायरीत आहे.

पिन ३ आणि पिन २ मध्ये जरासा फरक दिसला, की ऑप-अॅम्प तो हजारो पटींनी वाढवून पिन ६ वर काढतो. समजा, पिन ३ वर ०.१ व्होल्ट आला. पिन ६ चढू लागते, ०.२, ०.३, ०.४. डायोड अजून बंदच आहे, त्यामुळे पिन २ ला काही कळलेलं नाही आणि चढण चालूच राहते. पिन ६ सुमारे ०.६ व्होल्टला पोचते, डायोड पुरेसा उघडतो, रेझिस्टरवर ०.१ व्होल्ट दिसतो, तोच पिन २ ला जातो आणि चढण थांबते. डायोडने आपला अर्धा व्होल्ट घेतलाच, पण तो सिग्नलमधून गेला नाही. ऑप-अॅम्पने तो स्वतःच्या १५ व्होल्टच्या सप्लायमधून भरला. कालव्याच्या टेलला किती पाणी पोचलं हे बघूनच वरचा दरवाजा उघडायचा ठरवलं, तर वाटेत किती मुरतं याची चौकशी करावी लागत नाही; तसंच हे.

थोडी चूक उरते, पण किती? ५० हर्ट्झला ७४१ ची वाढ साधारण २०,००० पट असते. डायोडचा अर्धा व्होल्ट भागिले २०,००० म्हणजे २५ मायक्रोव्होल्ट. एवढाच काय तो डायोड आउटपुटमध्ये उरतो, आणि तापमानाची ती २० मिलिव्होल्टची चूकही त्याच पटीत आटते. खरं सांगायचं, तर ७४१ चा स्वतःचा ऑफसेट याहून कितीतरी मोठा, एखाद-दोन मिलिव्होल्टचा असतो. तेव्हा बारीक सिग्नलला डायोडला दोष देण्याआधी ऑफसेट शून्यावर आणावा.

पटत नसेल, तर सीआरओचा प्रोब पिन ६ वर टेकवा. तिथे लहर अर्धा व्होल्ट वर उचललेली दिसेल आणि रेझिस्टरवर मात्र स्वच्छ, शून्यापासून उगवणारी. आता मागे नेलेली वायर डायोडच्या अलीकडून, थेट पिन ६ वरून घ्या. सर्किटमध्ये तेच भाग असूनही आउटपुट गायब होतं, कारण ऑप-अॅम्प आता डायोडच्या अलीकडचंच मोजतो.

या जोडणीची खोड दुसऱ्या अर्ध्या लहरीत कळते. सिग्नल ऋण झाला, की डायोड बंद पडतो आणि मागची वायर निरुपयोगी होते. आउटपुट शून्य राहतं, ते बरोबरच, पण बिचारी पिन ६ थेट उणे १३ व्होल्टच्या आसपास जाऊन आपटते. सिग्नल पुन्हा धन झाल्यावर तिला तिथून परत चढायचं असतं आणि ७४१ चा वेग मायक्रोसेकंदाला अर्धा व्होल्टच. म्हणजे सुमारे २७ मायक्रोसेकंद वाया. ५० हर्ट्झला अर्धी लहर १०,००० मायक्रोसेकंदांची, तिथे हे जाणवत नाही. १० किलोहर्ट्झला मात्र ती ५० चीच असते, म्हणून सीआरओवर लहरीचा सुरुवातीचा निम्म्याहून अधिक तुकडा कापलेला दिसतो.

अशा वेळी सिग्नल रेझिस्टरमधून पिन २ ला देऊन पिन ३ ग्राउंड करतात आणि दुसरा डायोड जोडतात. पहिला बंद असताना हा दुसरा वाट चालू ठेवतो. त्यामुळे पिन ६ शून्याच्या पलीकडे अर्ध्या-पाऊण व्होल्टवरच थांबते आणि परतायला दोन-तीन मायक्रोसेकंद पुरतात. यात आउटपुट उलटं येतं. मीटरच्या वायरी अदलाबदल केल्या की झालं.