निवृत्तीच्या खर्चाला दोन कठडे

अमेरिकेतलं एक जोडपं जानेवारी २०२२ मध्ये निवृत्त झालं, असं समजू. गाठीला १० लाख डॉलर, त्यातले साठ टक्के शेअर्समध्ये आणि चाळीस टक्के रोख्यांमध्ये. पहिल्या वर्षाच्या खर्चासाठी त्यांनी पाच टक्के, म्हणजे ५०,००० डॉलर काढले. पुढच्या वर्षी किती काढायचे?

विल्यम बेंगेन या सल्लागाराने १९९४ मध्ये दिलेलं उत्तर सरळ होतं. पहिल्या वर्षी चार टक्क्यांच्या आसपास काढा, नंतर दरवर्षी महागाईइतकी वाढ घ्या. बाजाराकडे बघू नका. पण पुंजी डोळ्यांदेखत आटत असताना खर्च वाढवत नेणारा माणूस विरळाच. जोनाथन गायटन आणि विल्यम क्लिंगर यांनी २००६ मध्ये मांडलेले नियम हे वास्तव धरून चालतात. घाटरस्त्याला असतात तसे खर्चाला दोन्ही बाजूंनी कठडे घालायचे आणि एरवी गाडी आपल्या वेगाने चालू द्यायची.

वर्षातून एकदा हिशेब करायचा. यंदा काढायची रक्कम शिल्लक पुंजीच्या किती टक्के आहे? सुरुवातीच्या पाच टक्क्यांपेक्षा हा आकडा एक पंचमांशाने वर, म्हणजे सहाच्या पुढे गेला, तर खर्चात दहा टक्के कपात. तितकाच खाली, म्हणजे चारच्या आत आला, तर दहा टक्के वाढ. मधे असला, तर फक्त महागाईची वाढ. त्यालाही एक अट आहे: गेल्या वर्षी गुंतवणुकीत तोटा झाला असेल आणि आकडा मूळच्या पाचपेक्षा जास्त असेल, तर ती वाढ सोडून द्यायची. हुकलेली वाढ नंतर भरून काढायची नाही.

आता आपल्या जोडप्याकडे वळू. २०२२ मध्ये अमेरिकेत शेअर्स सुमारे १८ टक्क्यांनी आणि रोखेही सुमारे १३ टक्क्यांनी पडले. खर्चाची रक्कम वजा जाऊन उरलेले साडेनऊ लाख वर्षाअखेरीस जवळपास ८ लाखांवर आले. त्याच वर्षी महागाई साडेसहा टक्के. ५०,००० डॉलर म्हणजे आता पुंजीच्या सव्वासहा टक्के, कठडा लागला. महागाईची वाढ गेली आणि वर दहा टक्के कपात. हाती ४५,०००. तेच घर पूर्वीसारखं चालवायला ५३,२५० हवे होते. म्हणजे नियमाच्या भाषेत कपात दहा टक्क्यांची, पण किराणा दुकानात ती पंधरा टक्क्यांहून जास्त भरते.

पुढची दोन वर्षं बाजार जोरात वधारला. टक्केवारी कठड्यांच्या आत आली, म्हणून महागाईची वाढ मिळत राहिली. जानेवारी २०२५ मध्ये पुंजी सुमारे पावणेदहा लाखांवर परतली, पण वार्षिक रक्कम जेमतेम ४७,९०० झाली. जुनं राहणीमान राखायला ५६,६०० लागले असते. बाजार सावरला, तरी घरखर्च सावरला नाही, कारण खालचा कठडा गाठायला पुंजी बारा लाखांच्या आसपास जायला हवी. एकदा बसलेली कपात वर्षानुवर्षं राहू शकते, हे या नियमाचं खरं मोल. त्याबदल्यात पुंजी टिकते: जोडप्याने कपात न करता महागाईची वाढ घेतच राहायचं ठरवलं असतं, तर २०२५ मध्ये त्यांची टक्केवारी सहाला टेकलेली असती, कपातीमुळे ती पाचच्या आत आहे.

म्हणजे धोका नाहीसा होत नाही. तो पुंजीवरून स्वयंपाकघरावर येतो. अमेरिकेत तो झेपतो, कारण तिथे सोशल सिक्युरिटीचं निवृत्तिवेतन महागाईबरोबर वाढतं. जानेवारी २०२३ मध्ये ते ८.७ टक्क्यांनी वाढलं. पुंजीतून येणारा पैसा घटला तरी चूल पेटती राहते.

आपल्याकडे खासगी नोकरीतून निवृत्त झालेल्यांना ईपीएफची पेन्शन मिळते, पण ती महागाईबरोबर वाढत नाही. म्युच्युअल फंडातून एसडब्ल्यूपीने दरमहा ठरावीक रक्कम घेणाऱ्याने म्हणून आधी दोन याद्या कराव्यात. एकीत किराणा, औषधं, वीजबिल, सोसायटीचा मेंटेनन्स. दुसरीत प्रवास, नातवंडांच्या भेटी, घराची रंगरंगोटी. पहिली यादी भागवायला पेन्शन आणि ठेवींचं व्याज पुरत असेल, तरच एसडब्ल्यूपीला कठडे लावावेत. औषधांत दहा टक्के कपात करता येत नाही.

आणि पाच टक्के हा आकडा तिथला. तो अमेरिकेतल्या बाजाराच्या आणि महागाईच्या इतिहासातून आला आहे. तो उचलून इथे आणू नये. दरवर्षी एप्रिलमध्ये वही उघडून टक्केवारी तपासण्याची रीत मात्र आणावी. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे आपण ऐकत आलो. इथे ते अंथरूण दरवर्षी नव्याने मोजायचं आहे.